नव्या भाडेकरूला दिलेलं माहितीपत्रक : या चुका टाळा

बहुतेक सोसायट्यांत नव्या भाडेकरूला दिला जाणारा कागद म्हणजे 'आपले स्वागत आहे' या ओळीखाली लिहिलेली मनाईची यादी असते. गॅलरीत कपडे झटकू नयेत, लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये, दहानंतर आवाज नको. ट्रकमधून सामान उतरवणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी वेगळंच हवं असतं : पाणी कधी येतं, हे रिकामे खोके कुठे टाकायचे, गाडी कुठे लावायची, आणि रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. ही चार उत्तरं कागदावर असतात, पण बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीने लिहिलेली असतात. पुण्यातली चार मजल्यांची, चोवीस फ्लॅटांची एक सोसायटी धरून चालू. खाली पार्किंग, जमिनीत एक टाकी, गच्चीवर दोन टाक्या आणि आवारात एक बोअर. पेठा आणि जुनी उपनगरं सोडली तर असं चित्र सगळीकडे दिसतं.

सगळ्यात जास्त तक्रारी पाण्याच्या येतात. त्यामागे बहुतेक वेळा एकच चूक असते : कागदावर वेळ महापालिकेच्या पाण्याची लिहिलेली असते, नळाची नाही. 'पाणी : सकाळी ५.३० ते ८' ही ओळ बघा. साडेपाचला पाणी येतं ते खालच्या टाकीत. मग मोटर चालते, वरची टाकी भरते, आणि वॉचमन साडेसहाला वॉल्व्ह सोडतो तेव्हा कुठे स्वयंपाकघरात धार येते. ज्यांनी ओळ लिहिली त्यांना हे पंधरा वर्षं माहीत आहे, म्हणून ती ओळ चुकीची आहे असं त्यांना वाटतच नाही. नवीन माणूस मात्र साडेपाचला उठतो, नळ उघडतो, कोरडा बघून वॉचमनला फोन लावतो. काही जण नळ तसाच उघडा ठेवून पुन्हा झोपतात किंवा पहिल्या शिफ्टला निघून जातात. वॉल्व्ह साडेसहाला उघडून साडेआठला बंद होत असेल आणि नळातून मिनिटाला आठ लिटर पाणी येत असेल, तर दोन तासांत साडेनऊशे लिटर वाहून जातात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे चौघांच्या घराचं जवळजवळ पावणेदोन दिवसांचं पाणी एका ओळीपायी गेलं. मोरीची जाळी तुंबलेली असली, तर खालच्या फ्लॅटच्या छताचा रंगही गेला.

तीच ओळ अशी लिहावी : 'पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या डावीकडच्या नळाला, सकाळी ६.३० ते ८.३० आणि संध्याकाळी ६ ते ७.३०. बाकी सगळ्या नळांना बोअरचं पाणी, दिवसभर. नळ कोरडा असेल तर बंद करूनच बाहेर पडा.' डावा-उजवा हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण तो लिहिला नाही की भाडेकरू पाणी शुद्ध करायचं यंत्र बोअरच्या नळाला जोडतो आणि काही महिन्यांत त्याचा पडदा क्षारांनी चोंदून जातो. कोणता नळ कशाचा हे शंका न राहता कळायला सोपी युक्ती आहे. वॉल्व्ह बंद असतानाच्या वेळी सगळे नळ एकेक करून उघडायचे. जो कोरडा राहतो तो महापालिकेचा. कागद लिहिणाऱ्याने हे त्या फ्लॅटमध्ये जाऊन करावं, कारण आधीच्या भाडेकरूने किंवा मालकाने नळजोडणी बदललेली असू शकते. एकाच मजल्यावरच्या दोन फ्लॅटांत डावं-उजवं उलट निघालेलं पाहिलं आहे.

पुण्यात महापालिकेची देखभाल-दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येतं. पुणेकराला हे सांगावं लागत नाही. लातूरहून किंवा लखनौहून आलेल्याला सांगावं लागतं. 'गुरुवारी पाणी बंद असेल तर सूचना आदल्या दिवशी फलकावर लागते; दोन बादल्या आणि पिण्याचं भरून ठेवा' एवढं पुरे. बंद झाल्यानंतरचं पहिलं पाणी गढूळ येतं, ते फरशी पुसायला वापरावं, हेही त्याच ओळीत जाऊ द्या.

पाण्याच्या भागात शेवटी एक छोटी 'आधी हे बघा' अशी चौकट असावी. शेजारच्यांकडे पाणी आहे आणि आपल्याकडे नाही, तर अडचण फ्लॅटच्या आतली आहे : डक्टमधला आपला कॉक बंद आहे का ते पाहा. नळातून फुसफुस हवा येते आणि धार तुटते, तर पाइपमध्ये हवा अडकली आहे. सगळ्यात खालचा नळ, म्हणजे बहुधा बाथरूममधला बादलीचा, थोडा वेळ पूर्ण उघडा ठेवा. शेजारीही कोरडं असेल तरच वॉचमनला फोन. एवढ्याने वॉचमनचे निम्मे हेलपाटे वाचतात. पण तो कॉक डक्टमध्ये नक्की कुठे आहे हे न लिहिता चौकट छापली, तर उपयोग शून्य. त्यावर फ्लॅटचा नंबर रंगवून घ्या, नाहीतर कोणीतरी दुसऱ्याचं पाणी बंद करून येईल.

कचऱ्याची ओळ साधारण अशी असते : 'ओला व सुका कचरा वेगळा करून वेळेत द्यावा.' ओला म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, अडतं ते मधल्या वस्तूंवर. चहाची गाळलेली पावडर, अंड्याची टरफलं, हाडं ओल्यात. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात. शहाळं कशात, हे ज्या त्या सोसायटीचं सफाईवाल्या ताईंना विचारून लिहावं, कारण खतखड्ड्यात ते लवकर कुजत नाही आणि बऱ्याच ठिकाणी वेगळं ठेवायला सांगतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे आणि पुडीवर लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ संस्थेने ही खूण रुजवली, आणि त्यामागचं कारण कागदावर एका वाक्यात दिलं तर लोक ती पाळतात : पुडी उघडून बघायची वेळ त्या ताईंवर येऊ नये. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर 'काच' असं लिहून द्यावी, तेही याच कारणासाठी.

पण खरी चूक वेगळीच आहे. नव्या भाडेकरूचा सगळ्यात मोठा कचरा पहिल्या दोन दिवसांत निघतो, आणि तो रोजचा नसतो : पुठ्ठ्याचे खोके, थर्मोकोल, फुग्यांचं प्लास्टिक, कधी आधीच्या भाडेकरूने सोडलेली गादी. रोजच्या कचऱ्याचे नियम वाचून त्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून खोके जिन्यात आणि गादी गेटबाहेर जाते. स्वतंत्र ओळ हवी : 'खोके चपटे करून पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीशेजारी रविवारपर्यंत ठेवा, भंगारवाले नेतात. गादी आणि फर्निचर रोजच्या फेरीत घेतलं जात नाही. आधी मॅनेजरला सांगा.' ताईंना महिन्याचे पैसे मालक देतो, भाडेकरू देतो की मेंटेनन्समधून जातात, तेही तिथेच लिहून टाका. नाहीतर पहिल्या तारखेला दारात उभं राहून त्यांनाच ते समजावत बसावं लागतं.

पार्किंगबद्दल फार लिहायची गरज नाही, फक्त 'पार्किंगची सोय आहे' असं लिहू नये. जागा सोसायटीने सभासदाला, म्हणजे फ्लॅटमालकाला दिलेली असते. भाडेकरू ती मालकामार्फत वापरतो. म्हणून कागदावर जागेचा क्रमांक हवा, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत ते हवं, आणि ती चारचाकीची की दुचाकीची ते हवं. मालकाला जागाच दिलेली नसेल तर तेही पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं बरं. एजंटने आधीच 'पार्किंग आहे हो' म्हणून सांगितलेलं असतं, आणि तो गैरसमज वॉचमनच्या गळ्यात पडतो. घरात एक कार आणि दोन स्कूटर असतील तर दुसऱ्या स्कूटरचं काय, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर समितीने ठरवलेलं नसेल तर कागद छापायच्या आधी ठरवावं.

आपत्कालीन क्रमांकांत नेहमी दिसणारी चूक म्हणजे एकाच यादीत वीस नंबर. प्लंबर, केबलवाला, दूधवाला आणि अग्निशमन दल एकाखाली एक. घाबरलेल्या माणसाला त्यातून १०१ शोधता येत नाही. वर मोठ्या अक्षरांत चारच ठेवा : ११२ कुठल्याही तातडीसाठी, १०१ आग, १०८ रुग्णवाहिका, १९०६ सिलिंडरची गॅसगळती. पाइपचा गॅस असेल तर त्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावरून उतरवून घ्या. गॅसच्या ओळीतच लिहा की वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि फोन बाहेर जाऊन करा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि १९१२ हा विजेच्या तक्रारीचा नंबर खाली, वेगळ्या गटात. वॉचमनचा खासगी मोबाइल देऊ नका. एजन्सी माणूस बदलते आणि नंबर त्याच्याबरोबर जातो. गेटवर सोसायटीचा स्वतःचा फोन असावा. समितीतल्या कोणाचा नंबर द्यायचा तर त्यांना विचारून.

आणि या नंबरांच्याही वर एक गोष्ट हवी, जी जवळजवळ कुठल्याच कागदावर नसते : पत्ता. चार दिवसांपूर्वी राहायला आलेल्याला रात्री दोन वाजता १०८ ला फोनवर पत्ता सांगता येत नाही. करारावरचा पत्ता सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरने भरलेला असतो, रुग्णवाहिकेच्या चालकाला त्याचा उपयोग नाही. बोलून दाखवता येईल असा तीन ओळींचा पत्ता लिहा : इमारत आणि विंग, रस्त्याचं नाव, सगळ्यांना माहीत असलेली खूण. पुढे हेही : 'मोठी गाडी मागच्या गेटने आत येते, पुढच्या गेटच्या कमानीखालून जात नाही.' लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नसेल तर तेही सांगून ठेवा. फोनवर ते कळलं तर येणारी माणसं त्या तयारीने येतात.

कागद एकच पान, दोन बाजू. मागे हिंदी किंवा इंग्रजी, कारण तो वाचणारा मराठी असेलच असं नाही. नियमांची जंत्री वेगळ्या पानावर आणि मालकाच्या सहीसाठी; पोलिस पडताळणी, नोंदणीकृत भाडेकरार हेही तिकडेच, कारण ती कामं मालकाची आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात फोटो टाकला म्हणजे झालं असं नाही, दोन दिवसांत तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. छापील प्रत ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून द्यावी. कोपऱ्यात 'या तारखेपर्यंत बरोबर' अशी तारीख टाका. उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा बदलल्या की चोवीसच्या चोवीस प्रती बदलायच्या, आणि छापायच्या आधी वरचे चार सोडून बाकी प्रत्येक नंबर एकदा लावून बघायचा.