निरोप समारंभात तीन-चार मिनिटं बोलायचंय? भाषण असं लिहा

एप्रिलची दुपार, वर पंखे गरगर फिरतायत, मागच्या बाकावर समोशांचे खोके येऊन पडलेत आणि सूत्रसंचालन करणारी भाग एकची, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलगी तुमचं नाव पुकारते. सोलापुरातल्या पदव्युत्तर विभागांत असे बरेच निरोप समारंभ मी ऐकलेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही, तुमच्या ऋणातच राहीन.' वाक्य मनापासून म्हटलेलं असतं, पण ते ऐकून सर घरी जातात तेव्हा आपण या मुलासाठी नेमकं काय केलं, हे त्यांना कळलेलं नसतं. भाषणात तेवढं कळवायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून पहिलं काम, भाषण लिहायला घेऊ नका. एका कागदावर दोन वर्षांतले प्रसंग लिहा. 'मार्गदर्शन', 'सहकार्य', 'प्रेरणा' हे शब्द त्या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. कुणी, कुठे, कोणत्या वेळी, काय केलं, एवढंच लिहायचं.

गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचं भाषण मी बघून दिलं. ती अक्कलकोटहून रोज एसटीने ये-जा करायची. तिच्या पहिल्या मसुद्यात होतं, 'मॅडमनी आम्हाला वेळोवेळी मोलाचं मार्गदर्शन केलं.' मी विचारलं, कोणत्या वेळी? जरा थांबून तिने सांगितलं ते असं. प्रोजेक्टसाठी मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला तिने सिलिकाचा कॉलम, म्हणजे सिलिकाची भुकटी भरलेली उभी काचनळी, लावला होता. खालचा कॉक किंचित उघडा ठेवून ती चहाला गेली. परत येऊन बघते तर द्रावक सिलिकाच्या खाली उतरलेलं, आत हवा शिरलेली आणि कॉलमला मधोमध तडा. असा तडा गेला की वेगळे होत आलेले पट्टे पुन्हा एकमेकांत मिसळतात, म्हणजे दोन दिवसांचं काम पाण्यात. ती रडायलाच लागली. मॅडम आल्या, कॉलम उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, 'अगं, माल कुठं गेला नाही, आतच आहे. इथिल ॲसिटेट ओत, सगळं खाली येईल.' मग शेजारी स्टूल ओढून त्या बसल्या आणि नवा कॉलम दोघींनी मिळून भरला.

हे सगळं जसंच्या तसं भाषणात घालायचं नाही, कारण ऐकणाऱ्यांत पाहुणेही असतात. तांत्रिक भाग एका वाक्यात आटपायचा आणि माणसाने काय केलं त्याला जागा द्यायची. शिवाय 'मॅडमनी' असं त्यांच्याविषयी बोलण्यापेक्षा त्यांच्याकडे वळून 'तुम्ही' म्हणायचं. तिचा शेवटचा मसुदा असा झाला:

'मॅडम, चहाला गेले आणि माझा कॉलम कोरडा पडला, तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मला वाटलं, आता तुम्ही रागावणार. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, माल कुठं गेला नाही, आतच आहे. त्या दिवशी माझी साडेसहाची गाडी चुकली. पण पुढे प्रत्येक चुकीच्या वेळी मी तेच वाक्य स्वतःला म्हणत आले.'

हे म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता अडचण अशी की विभागात सात-आठ शिक्षक असतात आणि सगळ्यांचा प्रसंग सांगत बसलात तर भाषणाचा हजेरीपट होतो. प्रसंग दोनच घ्या, फार तर तीन. उरलेल्यांसाठी सगळ्यांना लागू पडणारी एक खरी गोष्ट शोधा. त्या मुलीने लिहिलं होतं, 'या विभागात कुणाच्याही केबिनचं दार नुसतं लोटलेलं असायचं, आतून कडी कधी लावलेली दिसली नाही.' सगळे शिक्षक त्यात आले आणि कुणी राहून गेल्यासारखं वाटलं नाही. तिसरा प्रसंग प्रयोगशाळेतल्या मामांसाठी ठेवा. सकाळी आपण पोचायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरून ठेवणाऱ्या माणसाचं नाव 'शिक्षकेतर कर्मचारीवृंद' या शब्दाखाली झाकलं जातं. ते आडनावासकट घ्या आणि ते दाराशी उभे असतील तर तिकडे बघून घ्या.

इथे एक पथ्य कसोशीने पाळा. कुणी परीक्षा फी भरली, घरी आजारपण असताना पैसे दिले, अशा मदतीचा उल्लेख करायचा असेल तर आदल्या दिवशी त्या व्यक्तीला विचारा. पुष्कळ शिक्षकांना ते चारचौघांत आलेलं आवडत नाही. नको म्हणाले तर ती गोष्ट चिठ्ठीत लिहून त्यांच्या हातात द्या.

भाग एकच्या मुलांचे आभार मानताना बहुतेकांची गाडी उपदेशावर घसरते: 'खूप अभ्यास करा, वेळ वाया घालवू नका.' त्यांनी वर्गणी काढून कार्यक्रम केलाय, फळ्यावर रंगीत खडूने तुमची नावं काढलीत. आधी तेच बोला. कुणाचं अक्षर आहे ते विचारून ठेवलंत तर थेट त्याला सांगता येईल. मग उपदेशाऐवजी उपयोगाचं काहीतरी द्या: प्रोजेक्टचा विषय दिवाळीच्या सुट्टीआधी पक्का करा, सुट्टीनंतर सेमिस्टर परीक्षा अंगावर येते. एवढं एक वाक्य पुरतं.

सुरुवात लहान ठेवा. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव सूत्रसंचालकाने घेतलेलं असतं. तुम्ही 'आदरणीय विभागप्रमुख, सर्व गुरुजन, माझे वर्गमित्र आणि भाग एकच्या मित्रमैत्रिणींनो' एवढं म्हणून थेट प्रसंगावर या. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर घरातलं एखादं वाक्य त्याच भाषेत म्हणा आणि मराठीत अर्थ सांगा. सोलापूरच्या वर्गात ते ऐकून मान डोलावणारे दोन-चार जण हमखास असतात.

पूर्ण मसुदा साडेतीनशे शब्दांच्या आसपास ठेवा. मोबाइलवर वेळ लावून उभं राहून मोठ्याने वाचा, मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. चार मिनिटांच्या वर गेलं तर प्रसंग कापू नका, विशेषणं कापा. वाचताना जीभ जिथे अडखळते तिथलं वाक्य पुस्तकी आहे असं समजा आणि मैत्रिणीला सांगाल तसं ते बदला. मग कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, एका ओळीत एकच वाक्य, म्हणजे मान वर करून पुन्हा खाली बघितलं तरी जागा सापडते.

घशाशी येईल असा प्रसंग मधे ठेवा. शेवटी ठेवला तर आवाज बसतो आणि भाषण अर्धवट राहतं. मधे असला तर थांबून घोटभर पाणी पिता येतं आणि कार्डावरची पुढची ओळ वाट बघत असते. माइक तोंडापासून वीतभर लांब धरा. वीज गेली तर माइक खाली ठेवून दोन पावलं पुढे या. पंखे बंद पडले की खोलीत आवाज उलट नीट पोचतो.

शेवटच्या वाक्यात हातातली एखादी वस्तू देऊन मोकळं व्हा. त्या मुलीने पिशवीतून तिची प्रोजेक्टची वही काढली. 'यात माझे फसलेले सगळे प्रयोग तारखेसकट आहेत, कॉलम कोरडा पडला तोही,' असं म्हणून ती पहिल्या बाकावरच्या भाग एकच्या मुलीला दिली आणि जागेवर जाऊन बसली.