परिच्छेदातला अभ्यासक्रम घटकनिहाय तक्त्यात कसा मांडावा

जुने अभ्यासक्रम बहुतेकदा एका दमात लिहिलेले असतात. आठ-दहा ओळींचा परिच्छेद, स्वल्पविरामांची माळ, शेवटी 'इत्यादी' आणि खाली पाच-सहा पुस्तकांची यादी. असा मजकूर उचलून तक्त्याच्या चौकटीत टाकला की काम झाले असे वाटते, पण अडचण तिथूनच सुरू होते. परिच्छेदात प्रत्येक विषयाला एक स्वल्पविराम मिळतो, मग तो अर्ध्या तासिकेचा असो की चार तासिकांचा. तक्त्यात हा फरक आकड्यांत लिहावा लागतो. मूळ लिहिणाऱ्याने न सांगितलेले तुम्हाला ठरवावे लागते, आणि तेही त्याचा आशय न बदलता.

पदवीच्या पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा एक नमुना घेऊ. आठवड्याला ३ तासिका, १५ आठवडे, म्हणजे ४५ तासिका. मजकूर असा:

"माहितीचे वर्गीकरण व सारणीकरण, आलेख, माध्य, मध्यक, बहुलक, अपस्करणाची परिमाणे: विस्तार, चतुर्थक विचलन, प्रमाण विचलन, संभाव्यतेच्या व्याख्या, बेरजेचा व गुणाकाराचा नियम, सशर्त संभाव्यता, बेझचे प्रमेय, यादृच्छिक चल, द्विपदी, पॉयसन व प्रसामान्य वितरण, सहसंबंध, समाश्रयण, नमुना निवड, परिकल्पना चाचणी, टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी इत्यादी."

आधी सुट्या ओळी करा

मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा. तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, ती पडताळणीसाठी लागेल. दुसऱ्या प्रतीत प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी नवी ओळ आणा. वर्डमध्ये शोधा-बदला खिडकीत वरच्या रकान्यात `,` आणि खालच्या रकान्यात `^p` टाकले की हे एका झटक्यात होते.

आपल्या नमुन्याच्या अशा २१ ओळी होतात. त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण स्वल्पविरामावर तोडताना तीन ठिकाणी अर्थ तुटला आहे. 'द्विपदी' ही ओळ एकटी पडली. तिचे 'वितरण' पुढच्या ओळीत गेले, आणि त्या ओळीत पॉयसन व प्रसामान्य ही दोन वेगळी वितरणे एकत्र अडकली. विस्तार, चतुर्थक विचलन आणि प्रमाण विचलन हे तिन्ही अपस्करणाचे उपघटक आहेत, पण त्यातला फक्त विस्तार मथळ्यासोबत राहिला. शिवाय अपूर्णविरामाचा अंमल कुठे संपतो हे मूळ मजकुरात दिसतच नाही. प्रमाण विचलनानंतरचा स्वल्पविराम आणि त्याच्या आधीचा स्वल्पविराम डोळ्यांना सारखेच दिसतात. तिथे संभाव्यता सुरू होते हे विषय जाणणाऱ्यालाच कळते. तिसरी जागा शेवटाकडे आहे. टी-चाचणी आणि काय-वर्ग चाचणी हे परिकल्पना चाचणीचेच प्रकार आहेत, पण परिच्छेदात तिघी एका पातळीवर उभ्या आहेत.

म्हणून हे काम विषय न शिकवणाऱ्या माणसाकडे एकट्याने देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. टंकलेखन कोणीही करेल, पण मुख्य घटक कोणता आणि उपघटक कोणता हे ठरवायला तो विषय वर्गात शिकवलेला माणूस शेजारी हवा.

'इत्यादी'चे काय करायचे

तक्त्यात 'इत्यादी' ठेवू नका. परिच्छेदात तो खपून जातो, पण तक्त्यात त्याच्यासमोर तासिका लिहिता येत नाहीत. काय-वर्ग चाचणीनंतरच्या 'इत्यादी'त काय शिकवले जाते हे शोधायचे असेल, तर मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि शिकवणाऱ्यांना विचारा. समजा, दोन प्रश्नपत्रिकांत एफ-चाचणीवर प्रश्न निघाला. तरीही ती थेट तक्त्यात घालू नका. वेगळ्या कागदावर 'मंजुरीसाठी' असा मथळा देऊन तिथे तिची नोंद करा. मांडणी बदलणे आणि आशय बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. आशय बदलण्याचा अधिकार अभ्यास मंडळाचा. दोन्ही एकत्र केली की मांडणीच्या निमित्ताने काय वाढले आणि काय गळले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

तासिका: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पहिली चूक एककाची होते. तुमची तासिका ५० मिनिटांची असेल, तर ४५ तासिका म्हणजे साडेसदतीस तास. रकान्याच्या मथळ्यात 'तासिका' की 'तास' हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. प्रात्यक्षिके असतील तर त्यांचा रकाना वेगळा ठेवा; ती याच बेरजेत मिसळू नका.

मग प्रत्येक विषयासमोर, बेरजेची चिंता न करता, प्रामाणिक आकडा लिहा. समजावून सांगायला किती, फळ्यावर उदाहरणे सोडवायला किती आणि मुलांकडून सोडवून घ्यायला किती, अशी मनात फोड करा. आमच्या नमुन्यात पहिला अंदाज असा आला: वर्गीकरण व सारणीकरण २, आलेख २, तिन्ही सरासऱ्या मिळून ४, अपस्करण ४, संभाव्यतेच्या व्याख्या २, दोन नियम ३, सशर्त संभाव्यता व बेझचे प्रमेय ४, यादृच्छिक चल ३, द्विपदी व पॉयसन ५, प्रसामान्य ४, सहसंबंध ३, समाश्रयण ३, नमुना निवड ३, परिकल्पना चाचणीची मूळ कल्पना ४, टी-चाचणी ३, काय-वर्ग चाचणी ३. बेरीज ५२. हाताशी ४५.

इथे सगळ्या आकड्यांना सारखी कात्री लावायचा मोह होतो. तसे केले तर ४ चे साडेतीनच्या आसपास काहीतरी होते, मग कुठे वर तर कुठे खाली असे पूर्णांक करावे लागतात, आणि नेमका अवघड विषय आखडतो. त्यापेक्षा जादा ७ तासिका कुठे विरघळतात ते शोधा. वर्गीकरण आणि आलेख मुले शाळेतून शिकून आलेली असतात, म्हणून दोन्ही मिळून २ पुरतात. सरासऱ्यांनाही तेच लागू, तिथे ३. अपस्करणात विस्ताराला फारसा वेळ लागत नाही, तिथेही ३. पहिल्याच भागात ४ तासिका वाचल्या. संभाव्यतेच्या व्याख्या आणि नियम एकाच ओघात शिकवता येतात, ५ च्या ४ झाल्या. यादृच्छिक चलातून १ आणि नमुना निवडीतून १. झाल्या ७. परिकल्पना चाचणीच्या ४ तासिकांना मात्र हात लावला नाही. शून्य परिकल्पना, पर्यायी परिकल्पना, दोन प्रकारच्या चुका, सार्थकता पातळी हे सगळे मुलांना पूर्णपणे नवे असते. ते घाईत उरकले तर पुढच्या दोन्ही चाचण्या नुसत्या सूत्रात संख्या भरण्यापुरत्या उरतात. परिच्छेदात याच विषयाला अवघे दोन शब्द मिळाले होते.

घटकांच्या सीमा

आता घटक पाडा. विषयाप्रमाणे सहज पाच गट पडतात आणि त्यांच्या तासिका होतात ८, ८, ११, ६ आणि १२. चौथ्यात नुसते सहसंबंध व समाश्रयण, पाचव्यात नमुना निवड आणि चाचण्या. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक घटकाला सारखे गुण असतील, तर ६ तासिकांच्या घटकाला १२ तासिकांच्या घटकाएवढेच वजन मिळेल. विद्यार्थी हे लगेच ओळखतात आणि पाचवा घटक सोडून देतात.

उपाय सोपा आहे. विषयांचा क्रम तसाच ठेवून सीमा एक पाऊल पुढे सरकवा. नमुना निवडीच्या २ तासिका चौथ्या घटकात घेतल्या की तो ८ चा आणि पाचवा १० चा होतो. चौथ्या घटकाचे नाव थोडे जोडकाम वाटते हे खरे, पण आशयाला धक्का लागत नाही. क्रम बदलण्याची वेळ आली तर मात्र आधी पाहा की कोणता विषय कशावर उभा आहे. प्रसामान्य वितरणाआधी टी-चाचणी आणता येणार नाही.

संदर्भग्रंथ

जुन्या यादीत पुस्तके एकत्र असतात. कोणते पुस्तक कुठे उपयोगी, हे विद्यार्थ्याला कळत नाही. प्रत्येक पुस्तकाला पु१, पु२ असा संकेत द्या. तक्त्यात फक्त संकेत आणि प्रकरण लिहा, आणि लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष हा पूर्ण तपशील तक्त्याखाली एकदाच द्या. एका घटकाला एक मुख्य पुस्तक आणि फार तर एक पूरक पुरे.

प्रकरणाचा क्रमांक आठवणीतून लिहू नका. पुस्तक हातात घेऊन अनुक्रमणिका पाहा, कारण आवृत्ती बदलली की प्रकरणे मागेपुढे होतात. ग्रंथालयात जी आवृत्ती आहे तीच नोंदवा. एखादे पुस्तक कोणत्याच घटकाला लागले नाही, तर ते गुपचूप गाळू नका. त्याचीही नोंद 'मंजुरीसाठी'च्या कागदावर करा.

तयार तक्ता असा दिसतो:

| घटक | विषय | तासिका | संदर्भ |
|---|---|---|---|
| १. माहितीची मांडणी व परिमाणे | वर्गीकरण व सारणीकरण, आलेख, माध्य, मध्यक, बहुलक, अपस्करणाची परिमाणे (विस्तार, चतुर्थक विचलन, प्रमाण विचलन) | ८ | पु१: प्रकरण १ ते ४ |
| २. संभाव्यता | व्याख्या, बेरजेचा व गुणाकाराचा नियम, सशर्त संभाव्यता, बेझचे प्रमेय | ८ | पु२: प्रकरण १, २ |
| ३. संभाव्यता वितरणे | यादृच्छिक चल, द्विपदी वितरण, पॉयसन वितरण, प्रसामान्य वितरण | ११ | पु२: प्रकरण ३ ते ५ |
| ४. चलांमधील संबंध व नमुना निवड | सहसंबंध, समाश्रयण, नमुना निवड | ८ | पु१: प्रकरण ७, ८, पु३: प्रकरण १ |
| ५. परिकल्पना चाचणी | मूळ कल्पना, टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी | १० | पु३: प्रकरण ३ ते ५ |
| एकूण | | ४५ | |

विषयांमध्ये स्वल्पविराम आणि उपघटक कंसात, ही पद्धत पाळली की कोण कोणाच्या पोटात आहे हे डोळ्यांना दिसते. प्रत्येक विषयाच्या सुट्या तासिका मी अंतिम तक्त्यात देत नाही. त्या कच्च्या कागदावर जपून ठेवते, कारण वर्गानुसार एखादी तासिका इकडची तिकडे करण्याची मोकळीक शिकवणाऱ्याला हवी.

पडताळणी

बाजूला ठेवलेली मूळ प्रत छापा आणि पेन घेऊन बसा. तक्त्यातला एकेक विषय वाचत मूळ परिच्छेदातला शब्द खोडत जा. शेवटी न खोडलेला शब्द उरला तर तो तक्त्यातून गळला आहे, आणि तक्त्यातला एखादा विषय खोडायला जागाच सापडली नाही तर तो तुम्ही घुसवला आहे. आपल्या नमुन्यात शेवटी फक्त 'इत्यादी' उरला पाहिजे, आणि त्याचा हिशेब 'मंजुरीसाठी'च्या कागदावर असला पाहिजे. तासिकांची बेरीज हाताने पुन्हा करा; शेवटच्या क्षणी एखादा आकडा बदलून एकूण तसाच राहण्याची चूक फार होते. मग तक्ता, मूळ परिच्छेद आणि 'मंजुरीसाठी'चा कागद हे तिन्ही एकत्र टाचून मंडळापुढे ठेवा.