नर सोडण्याआधीचा खुराक : 20 उस्मानाबादी शेळ्यांची तयारीची यादी

1 जूनला नर सोडायचा असं धरू. 150 दिवस मोजले की 29 ऑक्टोबरच्या आसपास पहिली शेळी विते, आणि तेव्हा बांधावर हिरवं भरपूर असतं. अडचण एवढीच की मे महिन्यात शेळ्या रोडावलेल्या असतात. त्यांच्या अंगावर नेमक्या वेळी मांस चढू लागलं की एका माजात जास्त बीजं सुटतात. फ्लशिंग म्हणतात ते हेच.

एप्रिलमध्ये आधी शेळ्या हातानं चाचपा. नुसतं बघून अंदाज येत नाही, केस आणि फुगलेलं पोट फसवतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर पंजा ठेवून मणका आणि त्याच्या आडव्या हाडांची टोकं दाबून पाहा. टोकं लागतात पण गोलसर वाटतात, ती शेळी खुराकाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देते. दाबूनही हाड लागत नसेल तर ती आधीच लठ्ठ आहे. तिला दाणा घालणं म्हणजे पैसे गव्हाणीत टाकणं. आणि टोकं बोटाला टोचत असतील तर तीन आठवड्यांत तिचं काही होणार नाही, तिला दोन महिने आधीपासूनच सावरायला हवं होतं. तिला या फेरीतून वगळा. अंगावर करडू पीत असेल तर तेही एप्रिलमध्येच तोडा, नाहीतर घातलेला खुराक दुधात जातो.

आंत्रविषाराची लस आणि जंतनाशक एप्रिलअखेर उरकून घ्या. दाणा वाढला की आंत्रविषाराचा धोकाही वाढतो, म्हणून लस आधी. नर सोडल्यावर पहिला महिनाभर अल्बेंडाझोल पाजू नका, गर्भाला ते बाधतं.

आता माल. 100 किलो खुराकाला भरडलेला मका 50 किलो, शेंगपेंड 20, तुरीची चुणी 27, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती परत करा. सुरुवात 11 मेला: पहिले तीन दिवस शेळीमागे 100 ग्रॅम, पुढचे चार दिवस 150, आणि 18 मेपासून 250 ग्रॅम. हा 250 चा रतीब 21 जूनपर्यंत, म्हणजे नर सोडल्यावर माजाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत चालू राहतो. मग आठवडाभर 150 ग्रॅम आणि बंद. हिशेब शेळीमागे 10.7 किलो, 20 शेळ्यांना 214 किलो. सांडलवंड धरून 50 किलोची साडेचार पोती आणा. चारा नेहमीचाच पोटभर. खुराक चाऱ्याच्या जागी नाही, चाऱ्यावर.

सगळ्यात जास्त घोटाळा गव्हाणीवर होतो. शेळीमागे किमान एक फूट जागा हवी, शिंगाळ असतील तर जास्त. जागा कमी पडली की दोन दांडग्या शेळ्या अर्धा किलो हाणतात आणि बुजऱ्या कोपऱ्यात उभ्या राहतात. दांडगीचं पोट फुगतं, रवंथ थांबतो, ती दात खाते, आंबट वासाची पातळ हगवण लागते. तिचा दाणा लगेच बंद करून फक्त वाळला चारा द्या, 10 ते 15 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. दिवसाचे 250 ग्रॅम सकाळ-संध्याकाळ दोन वेळांत विभागले तर ही वेळ सहसा येत नाही.

नराची तयारी शेळ्यांच्याही आधी सुरू होते. वीर्य तयार व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे त्याचा खुराक एप्रिलच्या सुरुवातीलाच वाढवायचा. 20 शेळ्यांना एक नर पुरे. मे महिनाभर त्याला नजरेआड, वासाआड बांधा. मग 1 जूनला तो समोर येताच बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात. त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, म्हणजे कोणती फळली ते पाठीवर दिसतं. 22 जूनला रंग बदला. नव्या रंगाच्या पाठी फार दिसू लागल्या, म्हणजे शेळ्या उलटताहेत, तर खुराकाला दोष देण्याआधी नर तपासा.

21 जूनपर्यंत दाणा चालू ठेवण्यामागे कारण आहे. गर्भ पिशवीला चिकटायला साधारण तीन आठवडे लागतात. त्या काळात खाणं अचानक तोडलं, वाहतूक केली किंवा कळप ओढ्याच्या पाण्यात लोटला, तर जुळ्यातलं एक, कधी दोन्ही जिरतात.

मेंढ्यांनाही हीच पद्धत, फक्त त्यांचा माज 17 दिवसांनी फिरतो. नुसत्या लसूणघासावर मात्र मेंढ्यांचं फ्लशिंग करू नका. त्यातल्या संप्रेरकासारख्या घटकांमुळे उलट बीजं कमी सुटू शकतात. दख्खनी मेंढी मुळात एकेरी पिल्लाची, तिच्यात जुळ्यांपेक्षा रिकाम्या राहणाऱ्या मेंढ्या कमी होणं हाच खरा फायदा.