फोन चार्ज होतोय पण गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो येत नाही? आधी केबल तपासा

मामांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, अरे स्क्रीन खराब निघाली बघ, मोबाईल लावला तर मॅप येतच नाही. मी म्हटलं केबल कुठली लावलीये, तर म्हणाले, "केबलला काय झालंय, चार्जिंग होतंय की!" बहुतेक जण इथेच फसतात. चार्जिंग होतंय म्हणजे केबलमधून करंट जातोय, एवढंच कळतं. गाडीशी बोलायला फोनला डेटाच्या वेगळ्या तारा लागतात, आणि पॉवर बँक, ट्रिमर वगैरेंसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये त्या तारा नसतातच.

आधी नीट जोडायचं कसं ते सांगतो. गाडी उभी करून सुरू करा, पहिल्यांदा जोडताना चालत्या गाडीत करूच नका, बऱ्याच गाड्या तेव्हा सेटिंग करूही देत नाहीत. फोनवर नेट आणि ब्लूटूथ चालू ठेवा. अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा फोन असेल तर अँड्रॉइड ऑटो त्यात आधीच असतं, वेगळं ॲप शोधत बसायला नको. मग फोन अनलॉक करून केबल लावा. गाडीत दोन-तीन यूएसबी पोर्ट असतील तर सगळे सारखे नसतात, काही नुसते चार्जिंगचे असतात आणि डेटावाला बहुतेक वेळा पुढे स्क्रीनच्या खालच्या बाजूला असतो, त्याच्यावर यूएसबीचं त्रिशूळासारखं किंवा फोनचं चिन्ह असतं. मागच्या सीटवाल्या पोर्टला लावून उपयोग नाही. केबल लावल्यावर फोनवर एकामागून एक परवानग्या विचारल्या जातात, कॉन्टॅक्ट, लोकेशन, नोटिफिकेशन, त्या वाचून द्या. गाडीच्या स्क्रीनवरही विचारलं तर हो म्हणा, आणि आपोआप काही आलं नाही तर तिथला Android Auto चा आयकॉन दाबा.

आता नाहीच सुरू झालं तर काय. मामांकडे गेलो तेव्हा मी पहिल्यांदा गाडीला हात लावलाच नाही, त्यांची केबल काढून घरातल्या लॅपटॉपला फोन जोडला. फोनवर यूएसबीचं नोटिफिकेशन येतं त्यात File transfer निवडायचं, आणि लॅपटॉपवर फोनमधले फोटो दिसले तर केबल डेटा नेते, नाही दिसले तर बहुतेक दोष केबलचाच. मामांच्या केबलवर काहीच दिसलं नाही, नुसतं चार्जिंग. माझी मोबाईलच्या बॉक्समधली केबल लावली तर लगेच फोटो आले. केबल घ्यायचीच असेल तर चांगल्या कंपनीची, एक मीटरपेक्षा कमी लांबीची घ्या, आणि मध्ये हब किंवा एक्स्टेंशन लावू नका.

ती केबल घेऊन गाडीत आलो तरी अँड्रॉइड ऑटो आलं नाही! इथे दुसरी गोष्ट निघाली. आदल्या दिवशी गडबडीत मामांनी शेजाऱ्याची माझ्यासारखीच डेटावाली केबल लावून बघितली होती आणि फोनवर आलेल्या प्रश्नाला नको म्हणून टाकलं होतं. फोन ते लक्षात ठेवतो. सेटिंगमध्ये वर सर्चमध्ये Android Auto टाका, त्यात Previously connected cars उघडा, तिथे नाकारलेल्या गाड्यांमध्ये आपली गाडी दिसली तर काढून टाका. गाडी सेकंडहँड असेल तर गाडीच्या स्क्रीनवरच्या फोनच्या यादीतून जुन्या मालकाचे फोनही काढा. मग फोन रिस्टार्ट करून परत केबल लावायची. मामांचं इथे सुरू झालं, मॅप आला, गाणी लागली.

पण चार दिवसांनी परत फोन, खड्डा आला की बंद पडतंय म्हणाले. हे असं झालं की फोनचं चार्जिंगचं भोक टॉर्च लावून बघा. खिशातली कापसासारखी धूळ आत दाबून बसते, प्लग पूर्ण आत जात नाही, मग धक्का लागला की संपर्क तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढायची, पिन किंवा सुई अजिबात घालू नका, आतली पट्टी वाकते. प्लग घट्ट बसून टक्क झाला पाहिजे.

गाडीची बॅटरी नुकतीच काढली किंवा बदलली असेल तर स्क्रीनवरची तारीख आणि वेळ पण बघून घ्या, ती चुकीची असली तरी जोडणी अडू शकते.

आयफोनवाल्यांना केबलची परीक्षा सारखीच, फक्त त्यांच्याकडे कारप्ले असतं आणि त्यासाठी Siri चालू लागते. Settings मध्ये General, त्यात CarPlay, तिथे गाडी दिसते, ती Forget करून परत जोडा.

एवढं करूनही नाही आलं तर लॅपटॉपवर पास झालेली तीच केबल घेऊन घरातला दुसरा फोन गाडीला लावा. तो चालला तर तुमच्या फोनची भानगड आहे, तोही नाही चालला तर संशय गाडीच्या पोर्टवर किंवा स्क्रीनवर जातो, आणि मग सर्व्हिस सेंटरला जाताना दोन्ही फोन आणि ती केबल सोबत न्या आणि त्यांच्यासमोर लावून दाखवा.