घरच्या फोटोंच्या तीन प्रती : तयारीची यादी

तीन प्रती, दोन माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर, हा नियम लागू करण्यापूर्वी आज आपल्याकडे खरोखर किती प्रती आहेत हे मोजावे. फोनमधला फोटो गूगल फोटोजमध्ये दिसतो म्हणून त्या दोन प्रती धरू नयेत. ॲपमध्ये पुसलेला फोटो सहसा फोनमधूनही जातो आणि क्लाउडच्या कचरापेटीत 60 दिवसच राहतो. ‘जागा मोकळी करा’ हे बटण पूर्वी दाबले असेल, तर फोनमधले मूळ फोटो गेलेले असून क्लाउडमधली प्रतच एकमेव उरलेली असते.

उदाहरणादाखल दोन फोन, जुने मेमरी कार्ड आणि स्कॅन केलेले अल्बम मिळून 120 जीबी फोटो धरू. हे सर्व प्रथम लॅपटॉपवरील एकाच फोल्डरमध्ये वर्षवार आणावे. फोनमधले फोटो केबलने घ्यावेत, व्हॉट्सॲपने नव्हे, कारण तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि काढल्याची तारीखही हरवते. ही पहिली प्रत.

दुसऱ्या प्रतीसाठी 1 टीबीची बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. महिनोन्महिने कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी पेन ड्राइव्हवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहायची पुढील आज्ञा केवळ डिस्कवर नसलेल्या फायली नेते. जुन्या फायलींवर ती नव्या लिहीत नाही आणि काही पुसतही नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचा एखादा फोटो बिघडला तरी डिस्कवरचा शाबूत राहतो. येथे D:\Photos हे लॅपटॉपवरचे फोल्डर आणि E: ही बाह्य डिस्क धरली आहे; आपल्याकडे अक्षरे वेगळी असतील तर ती घालावीत.

```
robocopy D:\Photos E:\Photos /E /XC /XN /XO
```

काम झाले की डिस्क काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क लॅपटॉपवरच्या व्हायरसच्या किंवा विजेच्या झटक्याच्या तडाख्यात त्याच्याबरोबरच सापडते.

तिसरी प्रत क्लाउडची. गूगलचे मोफत 15 जीबी येथे पुरणार नाहीत, म्हणून 200 जीबीची योजना घ्यावी लागेल. फोल्डर गूगल ड्राइव्हच्या संकेतस्थळावरून चढवावे, सिंक लावू नये, कारण सिंक लॅपटॉपवरची चूकही इमानाने वर पोहोचवते. अपलोडचा वेग 20 एमबीपीएस असेल तर तेरा-साडेतेरा तास लागतात. डाउनलोडच्या वेगावरून हा हिशेब करू नये, अनेक जोडण्यांत अपलोड बराच मंद असतो. एकेक वर्षाचे फोल्डर चढवल्यास मध्येच तुटले तरी कुठे थांबलो ते कळते.

तपासणीत फायलींची संख्या तिन्ही ठिकाणी जुळवावी आणि वेगवेगळ्या वर्षांतले पाच-सहा फोटो क्लाउडवरून उतरवून त्यांचे आकारमान मूळ फायलीशी ताडावे. 4.8 एमबीचा फोटो 1.3 एमबीचा होऊन परत आला, तर वाटेत कुठेतरी दर्जा घटवला गेला आहे, आणि तो बहुधा फोटो ॲपमधल्या जागा वाचवणाऱ्या पर्यायामुळे. शेवटी खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावेत. फोन हरवला असता नेमका त्याच फोनवर येणारा ओटीपी मिळत नाही.