प्लेटलेट कमी दिसल्या? सीबीसी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिकमध्ये ताप, सीबीसी आणि पपईची पानं यांची जोडी जमते. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट मोबाइलवर आला की डॉक्टरांआधी घरचेच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, बघतात.

सिडकोतल्या एका मावशींचं असंच झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर प्लेटलेट ६८,००० आणि पुढे ‘एल’, म्हणजे कमी. साधारण मर्यादा दीड ते साडेचार लाख. मुलगा पानं शोधायला पळाला. मावशींना मात्र ना ताप, ना अंगावर लाल ठिपके, ना हिरड्यांतून रक्त.

चूक झाली ती खालची ओळ न वाचण्याची. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘प्लेटलेट क्लम्प्स दिसतात’. क्लम्प्स म्हणजे गुठळ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काहींच्या प्लेटलेट त्यातच एकमेकींना चिकटतात. मशीन पेशी आकारावरून ओळखतं, त्यामुळे पूर्ण गुठळी त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून धरलीच जात नाही. डॉक्टरांनी निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं आणि काचेवर पसरवलेला रक्ताचा थेंब, म्हणजे स्मिअरही पाहून घेतला. आकडा आला २,१०,०००. कमतरता नळीत होती, मावशींच्या अंगात नव्हती.

आता उलटी चूकही नको. डेंग्यूत प्लेटलेट खरोखर घसरतात, तेव्हा ‘नळीचा दोष असेल’ म्हणून घरी बसू नका. तिथे डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, वाढतोय का, रक्तदाब आणि लघवी कशी आहे, हेही बघतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी किंवा कुठूनही रक्तस्राव असेल, तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठा.

दुसरी घाबरवणारी जागा म्हणजे टक्केवारी. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ४६ टक्के, पुढे ‘एच’, म्हणजे जास्त. पण टक्के म्हणजे नुसता वाटा. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० असतील, तर ४६ टक्के म्हणजे २,३००. बहुतेक लॅबच्या मोठ्यांसाठीच्या मर्यादेत, १,००० ते ३,०००च्या आसपास, हा आकडा बसतो. दुसऱ्या पेशींचा वाटा थोडा घटला की यांचा आपोआप वाढलेला दिसतो. रिपोर्टमध्ये ‘अॅब्सोल्यूट काउंट’, म्हणजे प्रत्यक्ष संख्या, असेल तर तो बघा. अर्थ मात्र डॉक्टरांनाच विचारा, कारण लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, आणि ताप कितवा दिवस आहे, कोणती गोळी चालू आहे, हे कागदावर नसतं.

एककाचंही तेच. एका लॅबचे ‘२.१ लाख’ दुसरीकडे ‘२१०’ असे छापले जातात, पुढे ‘हजार’ अशा अर्थाचं एकक असतं. ‘प्लेटलेट फक्त दोनशे दहा!’ असा फोन मला दर पावसाळ्यात एकदा तरी येतोच.