ऑफसाइटमध्ये ठरलं खूप, झालं काहीच नाही? अजेंडा आणि कमिटमेंट लिहिताना या चुका टाळा

दोन दिवसांची स्ट्रॅटेजी ऑफसाइट, ११ जण, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर रंगीबेरंगी स्टिकी नोट्स, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि ग्रुपवर टाकतं, सगळे अंगठा दाखवतात. सहा आठवड्यांनी एखादा विचारतो की अरे त्या रिन्युअलच्या विषयाचं काय झालं, मग जो तो दुसऱ्याकडे बघतो. मी अशा बऱ्याच ऑफसाइट चालवल्यात, सुरुवातीच्या तर सगळ्या अशाच गेल्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या चर्चा चांगल्या झाल्या होत्या. चर्चा झाल्यावर जे लिहून घ्यायला हवं होतं त्याला वेळच उरला नव्हता, कारण अजेंडा बनवतानाच तो ठेवला नव्हता.

चूक १: अजेंडा पहिल्या सेशनपासून भरत जाणं

बहुतेक जण अजेंडा वरून खाली भरतात. स्वागत, मग साहेबांचं भाषण, मार्केटचा आढावा, प्रत्येक डिपार्टमेंटचं प्रेझेंटेशन, आणि सगळ्यात शेवटी साडेचार ते पाच 'पुढची पावलं'. आता डिपार्टमेंटची प्रेझेंटेशन कधीच वेळेत संपत नाहीत, त्यामुळे वेळ कापला जातो तो शेवटच्या अर्ध्या तासातूनच, आणि तोपर्यंत दोघे बॅगा उचलून गाडीकडे निघालेले असतात.

उलटं करा. आधी हिशोब करा की किती कमिटमेंट घेऊन बाहेर पडायचंय. माझ्या अनुभवात एक कमिटमेंट नीट लिहायला, म्हणजे वाक्य, ओनर, तारीख आणि त्यावर होणारी थोडी बाचाबाची धरून, १० मिनिटं जातात. आठ कमिटमेंट म्हणजे ८० मिनिटं, शिवाय कुणाच्या डोक्यावर किती ओझं पडलं हे बघायला २० मिनिटं, सगळं पुन्हा मोठ्याने वाचायला १०. म्हणजे जवळपास दोन तास. हे दोन तास दुसऱ्या दिवशी ११ ते १ असे पहिल्यांदा अजेंड्यावर टाका, आणि जेवणानंतर एक तास मोकळा ठेवा, कारण तारखा एकमेकींवर आदळतात आणि दोन-तीन वाक्यं पुन्हा लिहावी लागतात. मग उरलेल्या जागेत बाकीची सेशन बसवा. बसत नसतील तर प्रेझेंटेशन काढून टाका, ती पाच दिवस आधी वाचायला पाठवता येतात. (आधी कुणी वाचत नाही हे मलाही माहितीये, म्हणून सेशनची पहिली १५ मिनिटं सगळ्यांनी तिथेच शांतपणे वाचायचं. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं, नंतर बरं वाटतं.)

अजून एक. अजेंड्यावर 'कस्टमर रिटेन्शन' असा विषय लिहू नका, प्रश्न लिहा. 'पुढच्या सहा महिन्यांत नवे कस्टमर आणायला जास्त माणसं लावायची की जुने टिकवायला?' असा. विषयावर माणसं तासभर बोलू शकतात, प्रश्नाचं निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

चूक २: निर्णय, कल्पना आणि कमिटमेंट एकाच भिंतीवर

'जुन्या कस्टमरला प्राधान्य' हा निर्णय झाला. 'कस्टमरसाठी वेगळं अ‍ॅप काढलं तर?' ही कल्पना. 'अमुक माणूस अमुक तारखेपर्यंत अमुक करून दाखवेल' ही कमिटमेंट. तिन्ही एकाच रंगाच्या नोटवर एकाच भिंतीवर असतील तर फोटोत सगळं सारखंच दिसतं, आणि मग ३४ नोट्सपैकी ३० नुसत्या इच्छा निघतात. तीन वेगळे कागद लावा. एखादा निर्णय असेल आणि त्याखाली एकही कमिटमेंट नसेल तर तो निर्णय अजून कागदावरच आहे, हे तिथल्या तिथे दिसतं आणि खोलीतल्या लोकांनाही ते बोचतं.

चूक ३: वाक्यच असं की झालं की नाही ते कळत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. एक खरा किस्सा सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. ऑफसाइट ५ आणि ६ जूनला होती. भिंतीवर नोट होती, 'रिन्युअलवर फोकस वाढवणे'. ओनर 'सेल्स + सपोर्ट'. तारीख 'पुढची तिमाही'. सगळे खूश.

मी सपोर्टच्या लीड मॅडमना विचारलं, "८ ऑगस्टला मी तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहिलो तर मला काय दाखवाल?" त्या म्हणाल्या, "फोकस वाढलेला असेल ना." म्हटलं, तो दिसतो कुठे? थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "अहो, खरं सांगायचं तर कॉन्ट्रॅक्ट संपलं की मगच आम्हाला कळतं. आधी फोनच जात नाही कुणाचा." झालं, वाक्य सापडलं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये ४२ कॉन्ट्रॅक्ट संपणार होती. शेवटी लिहिलं ते असं:

काय: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपणाऱ्या ४२ही कस्टमरना किमान एक फोन झालेला असेल.
कशावरून कळेल: शीटमध्ये प्रत्येकासमोर फोनची तारीख आणि उत्तर, 'राहणार', 'जाणार' किंवा 'अजून ठरलं नाही'.
ओनर: सपोर्ट लीड (एकच नाव).
पहिलं पाऊल: ४२ जणांची यादी, संपायच्या तारखेसह, शुक्रवार २० जूनपर्यंत.
पूर्ण: शुक्रवार ८ ऑगस्ट.
यासाठी काय थांबवणार: दर सोमवारचा तिकीट रिपोर्ट, ज्यात आठवड्याचे चार तास जातात.

'सुधारणे', 'वाढवणे', 'बघणे', 'चर्चा करणे', 'आढावा घेणे' ही क्रियापदं दिसली की थांबा. कसोटी सोपी आहे, तारखेच्या दिवशी दोन माणसांनी ती शीट बघितली तर 'झालं की नाही' यावर त्यांचं भांडण होऊ शकतं का? होत असेल तर वाक्य अजून कच्चं आहे.

शेवटची 'काय थांबवणार' ही ओळ लोक टाळतात, कारण ती लिहिताना कुणाचं तरी लाडकं काम मरतं. आमच्या खोलीत तो सोमवारचा रिपोर्ट साहेबांनीच सुरू केलेला होता. त्यांनी विचारलं, "कोण वाचतं तो?" कुणीच हात वर केला नाही, आणि त्यांनी स्वतःच तो बंद करा म्हणून सांगितलं. ही गोष्ट खोलीबाहेर होऊच शकली नसती.

चूक ४: ओनर म्हणून टीम, साहेब, किंवा न आलेला माणूस

'मार्केटिंग टीम' असं लिहिलं की ते कुणाचंच नाही. दोन नावं लिहिली की दोघांनाही वाटतं दुसरा बघेल. मदत करणारे पाच असू देत, जाब ज्याला विचारायचा ते नाव एकच. आणि ते नाव दुसऱ्याने लिहायचं नाही. ज्याचं आहे त्याने उठून आपलं वाक्य स्वतःच्या शब्दांत मोठ्याने वाचायचं. वाचताना जो अडखळतो किंवा 'प्रयत्न करू' जोडतो, त्याने मनापासून घेतलेलं नसतं, तिथेच विचारून घ्या की नक्की काय खटकतंय. बऱ्याचदा तारीख खटकत असते.

साहेबांच्या नावावर चार-पाच पडल्या तर त्यातल्या निम्म्या होणार नाहीत, लिहून देतो. एका माणसाकडे दोनच्या वर नको, रोजची कामं काही थांबलेली नसतात. म्हणून सगळं लिहून झालं की नावानुसार मोजायचं, ती वरची २० मिनिटं यासाठीच. आणि जो आलाच नाही त्याच्या नावावर थेट कमिटमेंट टाकू नका. त्याऐवजी हजर असलेल्या एकाने 'सोमवार ९ जूनपर्यंत त्यांच्याशी बोलून हो की नाही कळवतो' एवढीच घ्यायची.

चूक ५: नोंद नंतर 'नीट टाइप करून' पाठवणं

नंतर टाइप करताना वाक्यं गुळगुळीत होतात. 'फोन झालेला असेल' चं 'संपर्क प्रस्थापित करण्यात येईल' होतं आणि तारीख 'ऑगस्ट' होते. त्यामुळे शीट स्क्रीनवर लावून सगळ्यांसमोरच भरायची. चर्चा चालवणाऱ्याने लिहायचं नाही, लिहिणारा वेगळा, आणि त्याला 'थांबा, हे वाक्य मला कळलं नाही' म्हणायचा हक्क द्या. तीच शीट त्याच संध्याकाळी सगळ्यांना, एक शब्दही न सजवता. पहिल्या पावलांच्या तपासणीचं अर्ध्या तासाचं कॅलेंडर आमंत्रणही खोलीतूनच पाठवा. आमचं २० जूनचं होतं.

तारीख हुकली तर काय बघायचं

२० जूनला आमची यादी आलीच नव्हती. आता इथे लोक एकतर चिडतात नाहीतर 'बरं, पुढच्या आठवड्यात' म्हणून सोडून देतात, आणि दोन्हींनी काही कळत नाही. मी आधी एकच बघतो, काम सुरू झालंय का. सुरूच झालं नसेल तर बहुतेक वेळा ओनर चुकीचा असतो किंवा त्याचं जुनं काम खरंच थांबलेलं नसतं, मग 'काय थांबवणार' ती ओळ उघडून विचारा. सुरू होऊन मध्येच अडकलं असेल तर खोलीत नसलेल्या कुणाकडे तरी गाडी थांबलेली असते.

आमचं दुसरं निघालं. मॅडमनी ९ जूनलाच यादी मागितली होती, पण कॉन्ट्रॅक्ट संपायच्या तारखा अकाउंट्सकडे होत्या, अकाउंट्सचं कुणी ऑफसाइटला बोलावलंच नव्हतं, आणि त्यांच्यासाठी ते 'कुणाचं तरी एक्स्ट्रा काम' होतं. अजेंडा करताना प्रत्येक प्रश्नासमोर 'हे करायला माहिती कुणाकडून लागेल' असं लिहिलं असतं तर हे पाच मिनिटांत दिसलं असतं. चूक माझीच, पाहुण्यांची यादी मी हुद्द्यावरून केली होती. त्या मीटिंगमध्ये अकाउंट्सच्या प्रमुखांना बोलावलं, त्यांच्या नावावर वेगळी ओळ टाकली, 'तारखांसह यादी, बुधवार २५ जून', आणि ती २४ लाच आली.

तारीख पुढे ढकलली तर जुनी खोडू नका, तिच्याशेजारी नवी लिहा आणि कारण चार शब्दांत. स्टेटस तीनच ठेवा, झालं, तारीख बदलली, सोडून दिलं. 'काम चालू आहे' हे स्टेटस ठेवलं की सगळे तिथेच जाऊन बसतात. आणि दुसऱ्यांदा तारीख बदलायची वेळ आली तर तिसरी तारीख द्यायची नाही, वाक्य छोटं करायचं, ओनर बदलायचा किंवा सरळ 'सोडून दिलं' लिहायचं. आमच्या आठपैकी दोन अशा सोडून दिल्या, त्यातली एक साहेबांची होती.